लोकसंख्येचा मनोरा वाचायचा कसा: भारताच्या २०११ च्या जनगणनेवरून वयरचनेच्या प्रश्नाचे उत्तर

नागरिकशास्त्राच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या पेपरमध्ये लोकसंख्येचा मनोरा दिला की बहुतेक उत्तरे एका शब्दावर येऊन थांबतात. विस्तारणारा, संकोचणारा किंवा स्थिर, यांपैकी काहीतरी लिहिले जाते आणि पुढे पाठ केलेले चार मुद्दे येतात. प्रश्न मात्र वेगळाच असतो: या वयरचनेमुळे सरकारला काय करावे लागेल? मनोऱ्याच्या आकाराचे नाव ओळखून त्याचे उत्तर मिळत नाही. ते एकेका पट्टीत असते. कोणती पट्टी कधी जन्मलेल्या लोकांची आहे, ते लोक आज किती वर्षांचे आहेत आणि त्या वयात राज्यघटनेने किंवा कायद्याने त्यांना काय देऊ केले आहे, या क्रमाने गेले की उत्तर आपोआप जुळत जाते. ही पद्धत इथे भारताच्या २०११ च्या जनगणनेवर शेवटपर्यंत चालवून दाखवली आहे.

आधी अक्ष, मग आकार

मनोऱ्यात डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया आणि मध्ये खालून वर वयोगट असतात. बहुतेक वेळा गट पाच-पाच वर्षांचे असतात: ०–४, ५–९, १०–१४ असे. सर्वांत वरचा गट उघडा असतो, उदाहरणार्थ ८० आणि त्याहून अधिक. या वरच्या पट्टीची तुलना खालच्या पाच वर्षांच्या पट्टीशी करू नये, कारण तिच्यात वीस-पंचवीस वर्षांत जन्मलेले लोक एकत्र आलेले असतात.

त्यानंतर आडव्या अक्षाखाली काय लिहिले आहे ते पाहा. तिथे लोकांची संख्या असू शकते किंवा टक्केवारी. टक्केवारी असेल तर ती कशाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०११ मध्ये ०–४ वयाचे मुलगे ५.८६ कोटी होते आणि मुली ५.४२ कोटी. दोन्ही आकड्यांना एकूण १२१.०९ कोटी लोकसंख्येने भागले तर मुलगे ४.८ टक्के आणि मुली ४.५ टक्के येतात. डावी पट्टी उजवीपेक्षा लांब दिसते. पण मुलग्यांना एकूण पुरुषांनी आणि मुलींना एकूण स्त्रियांनी भागले, तर ९.४ आणि ९.२ टक्के येतात आणि दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्या दिसू लागतात. मुलींची संख्या कमी असल्याची खूण चित्रातून पुसली जाते. म्हणून लिंग गुणोत्तराबद्दल लिहायचे असेल तर टक्केवारी एकूण लोकसंख्येची आहे ना, याची खात्री आधी करावी.

तिसरी गोष्ट म्हणजे तारीख. २०११ च्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०११ आहे. त्या दिवशी १०–१४ वयोगटात असलेली मुले मार्च १९९६ ते फेब्रुवारी २००१ या काळात जन्मलेली. कच्च्या कागदावर प्रत्येक महत्त्वाच्या पट्टीपुढे जन्मकाळ असा लिहून ठेवला की मनोरा फक्त त्या दिवसाचा राहत नाही. तो पुढेही सरकवता येतो.

भारताचा पाया खरोखर रुंद आहे का?

खालच्या सहा पट्ट्यांमधील स्त्री-पुरुष मिळून लोकसंख्या अशी होती:

| वयोगट | लोकसंख्या (कोटी) |
|---|---|
| ०–४ | ११.२८ |
| ५–९ | १२.६९ |
| १०–१४ | १३.२७ |
| १५–१९ | १२.०५ |
| २०–२४ | ११.१४ |
| २५–२९ | १०.१४ |

भारताचा मनोरा विस्तारणारा, असे उत्तर सवयीने लिहिले जाते. ते २०११ साठी चूक आहे. सर्वांत रुंद पट्टी तळाची नसून तळापासून तिसरी आहे. तिच्या खालची पट्टी अरुंद आणि सर्वांत खालची आणखी अरुंद. १०–१४ च्या तुलनेत ०–४ मध्ये जवळजवळ दोन कोटी मुले कमी आहेत, म्हणजे सुमारे १५ टक्के. दुसरीकडे, वरचा भाग अजून निमुळता आहे आणि पन्नाशीनंतर पट्ट्या झपाट्याने आखूड होतात. म्हणून याला संकोचणारा म्हणणेही अचूक नाही. संक्रमणातला मनोरा, ज्याचा पाया आता आत वळू लागला आहे, असे लिहावे आणि पुढे १०–१४, ५–९ व ०–४ हे तीन आकडे द्यावेत. परीक्षकाला मनोऱ्याचे नाव हवे असतेच, पण गुण पुराव्याला मिळतात.

इथे एक शंका रास्त आहे. जनगणनेत लहान मुलांची नोंद राहून जाते, हे सर्वांना माहीत आहे. घरातली माणसे सांगताना तान्हे बाळ मोजायचे विसरले जाते. मग पाया अरुंद दिसतो तो जन्म घटल्यामुळे की नोंद सुटल्यामुळे? हे तपासायचे तर एकाच पट्टीवर विसंबू नये. फक्त ०–४ ची पट्टी आखूड असती तर नोंदीवर संशय घेता आला असता. पण ५–९ ची पट्टीही १०–१४ पेक्षा आखूड आहे, आणि सहा-आठ वर्षांचे मूल मोजायचे सहसा राहत नाही. शिवाय दुसरा स्वतंत्र पुरावा आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २०११ मध्ये २.४ होता, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो २.० वर आला. नोंदीतल्या त्रुटीमुळे घट थोडी जास्त दिसत असेल, पण घट झाली आहे यात शंका नाही.

वय सांगताना होणारी चूक पट्टीत उतरते

मनोऱ्यात सगळेच खरे दिसते असे नाही. ५०–५४ वयोगटात ४.९१ कोटी, ५५–५९ मध्ये ३.९१ कोटी, ६०–६४ मध्ये ३.७७ कोटी आणि ६५–६९ मध्ये २.६५ कोटी लोक आहेत. पहिल्या पायरीला सुमारे २० टक्के घट होते, तिसऱ्या पायरीला सुमारे ३० टक्के, आणि मधल्या पायरीला जेमतेम ४ टक्के. साठीच्या आसपास मृत्यू थांबतात आणि पासष्टीनंतर पुन्हा सुरू होतात, असे तर होत नाही. जन्मतारखेचा दाखला नसलेली माणसे वय अंदाजाने सांगतात आणि अंदाज शून्यावर किंवा पाचावर येऊन टेकतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस साठ सांगतो, त्रेसष्टचाही साठच सांगतो. त्यामुळे ६०–६४ ची पट्टी फुगते आणि शेजारची ५५–५९ ची आखूड होते.

सरकारच्या दृष्टीने हा तपशील छोटा नाही. साठाव्या वर्षापासून हक्क सुरू होणाऱ्या योजनेचे लाभार्थी या पट्टीवरून मोजले तर अंदाज चुकणार. मनोऱ्यावर एखादी पट्टी तिच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांशी विसंगत दिसली की तीन कारणे या क्रमाने तपासावीत: त्या जन्मवर्षांत खरोखर काही घडले होते का, लोक आले-गेले का, आणि वय चुकीचे सांगितले गेले का. जपानच्या मनोऱ्यात १९६६ मध्ये जन्मलेल्यांच्या जागी खोल खाच आहे. तिथे ते खरोखरच कमी जन्मांचे वर्ष होते, कारण त्या पंचांगवर्षी जन्मलेल्या मुली अशुभ असतात या समजुतीमुळे अनेक जोडप्यांनी मूल टाळले होते. पुढच्याच वर्षी जन्म पुन्हा वाढले. भारताच्या साठीजवळची विसंगती मात्र मुख्यतः वय सांगण्याच्या सवयीतून आलेली आहे.

अवलंबित्व गुणोत्तर काढताना

आता मनोऱ्याचे तीन भाग करा: मुले, काम करण्याच्या वयातले आणि वृद्ध. भारताच्या जनगणनेत कार्यकारी वय १५–५९ धरतात. २०११ मध्ये ०–१४ वयाचे ३७.२४ कोटी, १५–५९ वयाचे ७३.०१ कोटी आणि ६० व त्यापुढचे १०.३८ कोटी होते. वय न सांगितलेले सुमारे ४५ लाख लोक या हिशेबात येत नाहीत, म्हणून या तिघांची बेरीज १२१.०९ कोटी होत नाही. बेरीज जुळत नाही म्हणून गणित चुकले असे समजू नका.

मुले आणि वृद्ध मिळून ४७.६२ कोटी. त्याला ७३.०१ ने भागून १०० ने गुणले की ६५.२ येते. म्हणजे काम करण्याच्या वयातल्या १०० जणांमागे ६५ अवलंबित. यात मुलांचा वाटा ५१.० आणि वृद्धांचा १४.२.

चूक बहुधा पुढच्या पायरीवर होते, दुसऱ्या देशाशी तुलना करताना. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत कार्यकारी वय बहुतेक १५–६४ असते. तीच व्याख्या भारताला लावली तर ६०–६४ चे ३.७७ कोटी लोक वृद्धांतून उठून कार्यकारी गटात जातात आणि गुणोत्तर ५७.१ वर उतरते. लोक तेच, देश तोच, तरी आकडा आठाने कमी. व्याख्या न पाहता ६५.२ हा भारताचा आकडा दुसऱ्या देशाच्या १५–६४ च्या आकड्याशेजारी ठेवला तर निष्कर्षच चुकतो.

एकाच व्याख्येने तुलना केली तर काय दिसते, ते जपानशी जुळवून पाहू. जपानच्या २०२० च्या जनगणनेत ०–१४ वयाचे सुमारे १.५० कोटी, १५–६४ चे ७.५१ कोटी आणि ६५ व त्यापुढचे ३.६० कोटी लोक होते. अवलंबित्व ६८. भारताचे ५७, जपानचे ६८. फरक फार मोठा वाटत नाही. पण वाटे वेगळे करा. भारताच्या ५७ मध्ये मुले ४८.५ आणि वृद्ध ८.६. जपानच्या ६८ मध्ये मुले २० आणि वृद्ध ४८. दोन्ही देशांत काम करणाऱ्यांवर भार आहे, पण भारतात तो मुख्यतः शाळेचा आणि लसीकरणाचा आहे, तर जपानमध्ये निवृत्तिवेतनाचा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा. जपानने २००० साली शुश्रूषा विमा सुरू केला आणि त्याचा हप्ता वयाच्या चाळिशीपासून सक्तीचा केला. २०१९ मध्ये उपभोग कर १० टक्क्यांवर नेताना सामाजिक सुरक्षेचा खर्च हे मुख्य कारण होते. एकूण गुणोत्तर लिहून थांबणारे उत्तर हा सगळा भेद गमावते. म्हणून गुणोत्तर नेहमी दोन तुकड्यांत लिहावे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. १५–५९ वयाचा प्रत्येक जण कमावतो असे मनोरा सांगत नाही. त्यात कॉलेजात शिकणारी मुले आहेत, बेरोजगार आहेत, आणि घरचे काम दिवसभर करूनही ज्यांची कमाई धरली जात नाही अशा स्त्रिया आहेत. लोकसंख्या लाभांश, म्हणजे कमावत्या वयाच्या लोकांचा वाटा मोठा असल्याने होणारा आर्थिक फायदा, हा शब्द वापरायचाच असेल तर "रोजगार मिळाला तर" ही अट सोबत लिहावी. तिच्याशिवाय ते विधान अर्धवट आहे.

पट्टीला वेळेत पुढे सरकवा

उत्तराला खरे वजन येते ते इथे. १०–१४ ची सर्वांत रुंद पट्टी घ्या. ही १३.२७ कोटी मुले २०११ मध्ये शाळेच्या वयाची होती. घटनेचे कलम २१अ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देते, आणि शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे सरकारने हे दायित्व स्वीकारले, तेव्हा देशातली सर्वांत मोठी पिढी वर्गात बसलेली होती.

मार्च २०१४ ते फेब्रुवारी २०१९ या काळात हीच मुले अठरा वर्षांची झाली. ६१ व्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय २१ वरून १८ वर आणले असल्यामुळे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत जवळजवळ पूर्ण पट्टी मतदानास पात्र झाली होती. 'जवळजवळ' म्हणायचे कारण असे की तेव्हा मतदार यादीसाठी १ जानेवारी हाच पात्रता दिनांक होता आणि त्यानंतर अठरा पूर्ण करणारे थोडे जण राहून गेले. २०२१ मध्ये ही पट्टी २०–२४ वर पोहोचली. तिथे प्रश्न शाळेचा उरला नाही, नोकरीचा झाला. २०३१ मध्ये ती ३०–३४ वर असेल: घरे, प्रसूतिगृहे, शहरांतली वाहतूक.

आणि २०५६ ते २०६१ या पाच वर्षांत ती साठी ओलांडेल. २०११ मध्ये ही एकटी पट्टी साठीवरच्या सर्व पट्ट्यांच्या बेरजेपेक्षा रुंद होती: १३.२७ कोटी विरुद्ध १०.३८ कोटी. मधल्या काळात काही जण मरण पावतील, काही देश सोडतील, त्यामुळे संपूर्ण १३.२७ कोटी साठीला पोहोचणार नाहीत. उत्तरात आकडा तसाच पुढे न्यायचा नाही, "मृत्यू आणि स्थलांतर वजा जाता" असे लिहायचे. तरी दिशा स्पष्ट आहे. या पिढीच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी ती कमावती असतानाच गोळा व्हायला हवी.

दुसरीकडे ०–४ ची पट्टी सरकवा. ती २०१६ मध्ये ५–९ वर गेली. पहिलीत दाखल होणारी मुले आधीच्या पिढीपेक्षा कमी. राज्य सरकारने नवीन प्राथमिक शाळा किती बांधायच्या, की आहेत त्याच शाळांत शिक्षक आणि प्रयोगशाळा वाढवायच्या, हा निर्णय याच दोन कोटींच्या फरकावर टेकतो. पट कमी झालेली शाळा बंद करणे हा त्याचा एकमेव अर्थ नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. वाडी-वस्तीवरच्या मुलाला शाळेचे अंतर महत्त्वाचे असते, आणि राष्ट्रीय मनोऱ्यात अंतर दिसत नाही.

कोणते सरकार, कोणती जबाबदारी

"सरकारने आरोग्य, शिक्षण आणि रोजगाराकडे लक्ष द्यावे" हे वाक्य कोणत्याही मनोऱ्याखाली लिहिता येते, म्हणून त्याला गुण मिळत नाहीत. वयोगटाला कायदा आणि सरकारची पातळी जोडा. सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत आहे. शिक्षण ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, आणि सामाजिक सुरक्षाही समवर्ती सूचीतच. वृद्धांसाठी घटनेचे कलम ४१ आहे. ते राज्याला त्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत म्हातारपणी साहाय्य करायला सांगते, पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्याच्या आधारे न्यायालयात हक्क मागता येत नाही. मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क आणि वृद्धांचे साहाय्य मार्गदर्शक तत्त्व, हा फरक वयरचनेच्या उत्तरात क्वचित कोणी लिहितो. तो लिहावा.

वयाची रेषाही सगळीकडे एक नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा साठ वर्षांपासून लागू होतो, तर महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेत अट पासष्टची आहे. देशभराचा विचार केला तर रेषा साठवर ओढल्यास १०.३८ कोटी माणसे येतात, पासष्टवर ओढल्यास ६.६२ कोटी.

लिंगाचा मुद्दा वरच्या टोकाला उलटा होतो. ०–४ मध्ये १,००० मुलग्यांमागे ९२४ मुली आहेत. जन्मवेळी नैसर्गिकपणे साधारण ९५० असायला हव्यात, म्हणून ही तूट गर्भलिंगनिदानाकडे बोट दाखवते. साठीनंतर मात्र स्त्रिया ५.२८ कोटी आणि पुरुष ५.११ कोटी. वृद्धापकाळाच्या योजनेत एकट्या राहणाऱ्या, स्वतःच्या नावावर निवृत्तिवेतन नसलेल्या विधवांचा वाटा मोठा असणार, हे या पट्ट्यांवरून आधीच कळते.

राष्ट्रीय मनोरा राज्यांमधला फरक झाकतो, हेही एका वाक्यात यावे. २०११ मध्ये बिहारमध्ये ०–१४ वयाचे ४०.१ टक्के आणि केरळमध्ये २३.४ टक्के होते. साठीवरचे बिहारमध्ये ७.४ आणि केरळमध्ये १२.६ टक्के. एकच केंद्रीय योजना या दोन राज्यांना सारखी कशी पुरेल? पंधराव्या वित्त आयोगाने करवाटपाच्या सूत्रात लोकसंख्येसाठी १५ टक्के भार ठेवतानाच जननदर कमी करणाऱ्या राज्यांसाठी १२.५ टक्के भार ठेवला, त्यामागे हाच ताण होता. जिल्ह्याच्या पातळीवर स्थलांतर ठळक होते. रत्नागिरीत १,००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२, कारण कोकणातले कमावते पुरुष मुंबईला जातात. रत्नागिरीचा मनोरा पाहून पुरुषांचे मृत्यू जास्त आहेत असा अर्थ काढला तर तो साफ चुकेल.

उत्तर असे लिहा

आठ-दहा ओळींच्या प्रश्नाला पुढील उत्तर पुरेसे आहे:

"२०११ च्या मनोऱ्यात सर्वांत रुंद पट्टी १०–१४ ची असून तिच्या खालच्या दोन्ही पट्ट्या अरुंद आहेत. म्हणून जननदर घटू लागला आहे आणि मनोरा संक्रमणात आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार १०० कार्यकारी व्यक्तींमागे ५१ मुले आणि १४ वृद्ध आहेत, म्हणजे तेव्हाचा मुख्य भार शिक्षणाचा होता आणि कलम २१अ मुळे तो सरकारचे बंधन होते. हीच पिढी २०२१ मध्ये २०–२४ वयाची झाल्याने रोजगारनिर्मितीची गरज वाढली. रोजगार मिळाला तरच लोकसंख्या लाभांश मिळेल. २०५६ नंतर ती साठी ओलांडेल, त्यामुळे वर्गणीवर आधारित निवृत्तिवेतन आणि वृद्धांची आरोग्यसेवा यांची तयारी आताच हवी. साठीनंतर स्त्रिया अधिक असल्याने विधवांच्या सुरक्षेची गरज मोठी आहे. राज्यांची वयरचना भिन्न असल्याने केंद्राने निधीवाटप एकसारखे ठेवू नये."

प्रश्नात दोन मनोरे दिले असतील तर आधी दोन्हीकडे अक्षाचे मोजमाप एकच आहे का ते पाहा. एका चित्रात अक्ष ६ टक्क्यांपर्यंत आणि दुसऱ्यात १० टक्क्यांपर्यंत असेल, तर डोळ्यांना रुंद दिसणारी पट्टी प्रत्यक्षात लहान असू शकते. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नका. दोन्ही चित्रांतल्या समान वयोगटाच्या पट्टीचा आकडा वाचून लिहा आणि तुलना त्या आकड्यांची करा.